बॉलिंजर बँड आवळतो तेव्हा नक्की काय होतं, वहीत मांडून बघूया

चार्टवर किमतीच्या वर एक रेघ, खाली एक रेघ आणि मधून जाणारी एक रेघ, हे चित्र शेअर बाजारात थोडंफार लक्ष घालणाऱ्या प्रत्येकाने बघितलंय. मोबाईलवर इंडिकेटरच्या यादीत जाऊन "BB" निवडलं की दोन सेकंदात लागतं. कधीतरी त्या वरच्या आणि खालच्या रेघा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की मधली किंमत बोळात अडकल्यासारखी दिसते, त्याला स्क्वीझ म्हणतात, आणि मग ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं की बघा, स्क्वीझ झालाय, आता मोठा ब्रेकआऊट येणार. बऱ्याचदा येतोही. पण तो का येतो, त्या रेघा आवळल्या म्हणजे बाजारात काय घडलं आणि त्यातून काय कळतं नि काय अजिबात कळत नाही, हे विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात, किंवा स्प्रिंग दाबल्यावर उसळते तसं काहीतरी सांगतात. ते स्प्रिंगचं उदाहरण मला चुकीचं वाटतं, का ते पुढे येईलच. आधी त्या रेघा कुठून येतात ते बघू, कारण ते एकदा हाताने करून बघितलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

मधली रेघ म्हणजे साधी मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, गेल्या २० दिवसांच्या बंद भावांची सरासरी. आजचा भाव आत आला की २० दिवसांपूर्वीचा बाहेर पडतो, म्हणून ती सरकती सरासरी. आता किंमत सरासरीपासून किती लांब गेली तर "फार लांब" म्हणायचं? पूर्वी लोक सरासरीच्या वर-खाली ठरावीक टक्क्यांवर रेघा ओढायचे, म्हणजे समजा पाच टक्के वर आणि पाच टक्के खाली, पण त्यात अडचण अशी की शांत काळात किंमत त्या रेघांपर्यंत पोचायचीच नाही आणि धुमाकूळ चालू असला की रोज ओलांडायची, मग बसून टक्के बदलत राहायचं, तेही डोळ्याच्या अंदाजाने. जॉन बॉलिंजर या अमेरिकन विश्लेषकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्न सोडवला. तो ऑप्शन्समध्ये काम करायचा, आणि ऑप्शन्सवाल्याला व्होलॅटिलिटी म्हणजे किंमत किती हेलकावे खातेय हे रोजच मोजावं लागतं. त्याच्या लक्षात आलं की हे हेलकावे कायम सारखे नसतात, कधी वाढतात कधी कमी होतात, मग रेघांचं अंतर आपण ठरवण्यापेक्षा त्या हेलकाव्यांनाच ठरवू दे. म्हणून त्याने टक्क्यांच्या जागी स्टँडर्ड डेव्हिएशन घातलं. सरासरी अधिक दोन स्टँडर्ड डेव्हिएशन ही वरची रेघ, सरासरी वजा दोन ही खालची. २० आणि २ हे दोन आकडे आजही जवळपास प्रत्येक चार्टवर आपोआप लागलेले असतात ते यामुळेच.

स्टँडर्ड डेव्हिएशन हा शब्द ऐकला की कॉलेजचं स्टॅट्स आठवून पोटात गोळा येतो, पण काम सोपं आहे. प्रत्येक दिवसाचा भाव सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा (म्हणजे वर गेलेलं आणि खाली गेलेलं एकमेकांना खाऊन टाकत नाही), त्या वर्गांची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं. बस. एक्सेलमध्ये बी कॉलममध्ये बंद भाव असतील तर सगळं एवढ्यात होतं:

```
C21: =AVERAGE(B2:B21)
D21: =C21+2*STDEV.P(B2:B21)
E21: =C21-2*STDEV.P(B2:B21)
F21: =(D21-E21)/C21
```

`STDEV.P` लिहा, `STDEV.S` नको, कारण बॉलिंजर २० ने भागतो, १९ ने नाही. फरक थोडाच पडतो पण मग तुमचे आकडे चार्टशी जुळत नाहीत आणि माणूस उगाच चूक शोधत बसतो. शेवटचा एफ कॉलम म्हणजे बँडविड्थ, वरच्या-खालच्या रेघेतलं अंतर भागिले मधली रेघ. आपल्या विषयाला खरा कामाचा आकडा हाच.

आता एक शेअर घेऊ. हा मी गणित सोपं व्हावं म्हणून मनाने बनवलाय, कुठल्या कंपनीचा नाही. समजा २० दिवस हा शेअर एक दिवस ४९६ ला बंद, दुसऱ्या दिवशी ५०४ ला, परत ४९६, परत ५०४, असंच चाललंय. सरासरी ५००. रोज सरासरीपासून अंतर बरोबर ४ रुपये, त्यामुळे स्टँडर्ड डेव्हिएशनही ४. वरचा बँड ५०८, खालचा ४९२, बँडविड्थ १६ भागिले ५००, म्हणजे ३.२ टक्के. हा आवळलेला बँड. २१ व्या दिवशी शेअर ५२० ला बंद झाला. सगळ्यात जुना ४९६ बाहेर पडला, ५२० आत आला. सरासरी झाली ५०१.२०, म्हणजे जेमतेम सव्वा रुपया सरकली. पण स्टँडर्ड डेव्हिएशन ४ वरून ५.८१ वर गेलं, कारण नवा भाव सरासरीपासून लांब आहे आणि वर्ग केल्यावर ते अंतर अजूनच मोठं होतं. वरचा बँड आता ५१२.८२, आणि खालचा बँड ४८९.५८.

इथे जरा थांबून खालचा बँड परत बघा. काल ४९२ होता, आज ४८९.५८. शेअर १६ रुपये वर गेला आणि खालची रेघ खाली आली! चार्टवर स्क्वीझ सुटताना दोन्ही रेघा दोन दिशांना तोंड उघडल्यासारख्या फाकतात ते चित्र यातून येतं. नवीन माणसाला वाटतं खालचा बँड खाली चाललाय म्हणजे काहीतरी धोका आहे, पण तसं काही नसतं, रेघांना दिशा कळतच नाही, त्यांना फक्त पसारा कळतो. किंमत वर उडाली काय नि खाली कोसळली काय, दोन्हीकडे पसारा वाढतो आणि दोन्ही रेघा लांब जातात.

आता हाच ५२० चा दिवस दुसऱ्या शेअरवर टाका. तोही ५०० च्या आसपास, पण त्याचे भाव एक दिवस ४८५, एक दिवस ५१५ असे चालतात. त्याचा बँड ४७० ते ५३०, बँडविड्थ १२ टक्के. त्याच्यासाठी ५२० म्हणजे रोजचाच दिवस, बँडच्या आत, कुणी ढुंकून बघणार नाही. म्हणजे ५२० चा बंद भाव एका ठिकाणी बातमी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, आणि ते ठरतं त्याआधीचे २० दिवस कसे गेले त्यावर. स्क्वीझचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग मला हाच वाटतो. शांत काळात बँड जवळ येतो म्हणून छोटा बदलही लगेच दिसतो, जसं दुपारी सगळी बिल्डिंग झोपलेली असताना जिन्यावरचं पाऊल ऐकू येतं आणि संध्याकाळी सात वाजता कुणी धावत गेलं तरी कळत नाही.

मग शांततेनंतर मोठी हालचाल येते हे खरं की खोटं? याचं उत्तर दोन भागात आहे आणि दोन्ही भाग एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, म्हणून लोक गोंधळतात. पहिला भाग असा की बाजारातले हेलकावे घोळक्याने येतात. बेनुआ मँडेलब्रॉ या गणितज्ञाने १९६३ मध्ये कापसाच्या जुन्या भावांवर काम करताना हे मांडलं होतं की मोठ्या बदलामागून मोठे बदल येतात, मग ते वरचे असोत वा खालचे, आणि छोट्यामागून छोटे. पुढे रॉबर्ट एंगल या अर्थतज्ज्ञाने १९८२ मध्ये याच्यावर नीट मॉडेल बांधलं आणि २००३ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. याचा अर्थ सरळ आहे, आज शांत असेल तर उद्याही शांतच असण्याची शक्यता जास्त. म्हणजे स्क्वीझ दिसला की उद्याच स्फोट होणार हे म्हणणं या नियमाच्या उलटं जातं! स्क्वीझ तीन आठवडे, महिनाभरसुद्धा आवळलेलाच राहू शकतो, आणि राहतो. दुसरा भाग असा की हेलकावे कायम एका टोकाला राहत नाहीत, कधीतरी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येतात. बँडविड्थ शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, ज्या शेअरची नेहमीची बँडविड्थ दहा-बारा टक्के असते ती तीनवर आली तर तिला पुढे जायला जागा मुख्यतः वरच आहे. कधी जाईल ते माहीत नाही, पण जाईल.

म्हणून स्प्रिंगचं उदाहरण मला पटत नाही. स्प्रिंग दाबली की तिच्यात ताकद साठते, जितकी जास्त वेळ आणि जितकी जास्त दाबाल तितकी जोरात उसळी, असं लोक मनात धरून बसतात आणि मग दीड महिन्याचा स्क्वीझ बघून त्यावर दुप्पट पैसे लावतात. शेअरमध्ये असं काही साठत नाही. घडतं ते असं की त्या भावाला घेणारे आणि विकणारे दोघंही बऱ्यापैकी समाधानी असतात, नवीन माहिती नसते, निकाल तीन आठवड्यांवर असतात, मोठे फंड थांबलेले असतात, त्यामुळे रोजचा भाव त्याच त्या पट्ट्यात फिरतो. पट्टा जुना झाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या काठाच्या पलीकडे लोकांचे स्टॉपलॉस आणि खरेदीच्या ऑर्डरी लागून राहतात, कारण सगळ्यांना तेच काठ दिसतायत. मग काहीतरी नवीन कळलं, एखादी ऑर्डर मिळाल्याची बातमी, कच्च्या मालाचा भाव, निकाल, काहीही, की किंमत काठ ओलांडते आणि त्या लागलेल्या ऑर्डरी धडाधड लागतात, आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस जोर येतो. बातमी छोटी असली तर तो जोर तिथेच संपतो, मग स्क्वीझ कितीही जुना असो.

आता आवळलेला म्हणजे किती आवळलेला? डोळ्याने ठरवू नका, कारण मोबाईलवर चार्ट झूम केला की कुठलाही बँड रुंद दिसतो. बॉलिंजरची सोपी व्याख्या अशी की बँडविड्थ सहा महिन्यांतल्या सर्वात कमी पातळीला आली की स्क्वीझ. सहा महिने म्हणजे साधारण १२५ ट्रेडिंग दिवस. आधीची सूत्रं खालपर्यंत ओढली असतील तर आपल्याच शीटमध्ये:

```
G145: =F145=MIN(F21:F145)
```

`TRUE` आलं तर आज सहा महिन्यांतला सगळ्यात अरुंद बँड आहे. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलना त्याच शेअरच्या स्वतःच्या इतिहासाशी. साबण-बिस्किटं विकणाऱ्या एखाद्या जुन्या मोठ्या कंपनीला चार-पाच टक्के बँडविड्थ नेहमीचीच असू शकते आणि एखाद्या छोट्या मेटल शेअरला ती वर्षातून एकदा दिसेल, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा लावून स्क्रीनर चालवला की यादीत फक्त शांत स्वभावाचे शेअर येतात, आवळलेले नाही.

आता चुका कुठे होतात त्याकडे येऊ, कारण खरा पैसा तिथेच जातो.

पहिली चूक मी स्वतः बराच काळ करत होतो आणि ती कुणी सांगतही नाही. समजा तोच आपला ४९६-५०४ वाला शेअर, पण मधे एक दिवस कसल्यातरी अफवेने ५३० ला बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर आला. तो ५३० त्या दिवसासकट २० दिवस हिशोबाच्या खिडकीत बसून राहतो. त्या काळात स्टँडर्ड डेव्हिएशन ४ ऐवजी साडेसातच्या वर आणि बँडविड्थ सहा टक्क्यांच्या आसपास. मग एके दिवशी तो ५३० खिडकीतून बाहेर पडतो. त्या दिवशी बाजारात काहीही झालेलं नसतं, शेअर नेहमीसारखा ५०४ ला बंद, पण बँडविड्थ एका रात्रीत सहावरून तीनच्या जवळ येते आणि चार्टवर बँड धपकन आवळलेला दिसतो. हा स्क्वीझ आज घडलेला नाही, शेअर गेले वीस दिवस तितकाच शांत होता, फक्त एक जुना आकडा गळला. ओळखायची खूण सोपी आहे, बँडविड्थ हळूहळू उतरत आली असेल तर खरी, एका दिवसात पायरीसारखी खाली पडली असेल तर २० दिवस मागे मोजा, तिथे एखादी उंच कँडल सापडेलच. असाच प्रकार स्प्लिट किंवा बोनसच्या वेळी होतो, डेटा अ‍ॅडजस्ट केलेला नसेल तर १००० चा शेअर ५०० ला आलेला दिसतो, बँड राक्षसासारखा फुगतो आणि वीस दिवसांनी अचानक आवळतो. आपली शीट स्वतः बनवताना हे हमखास होतं.

दुसरी चूक म्हणजे शांतता आणि मेलेला व्यवहार यात फरक न करणं. काही छोट्या शेअरमध्ये दिवसाला शे-दोनशे शेअरचाही व्यवहार होत नाही, भाव हलत नाही म्हणून बँड आवळतो. किंवा कंपनीची ओपन ऑफर चालू असते, डीलिस्टिंगचा भाव ठरलेला असतो, मग बाजारभाव त्या ठरलेल्या भावाच्या जवळ येऊन चिकटून बसतो. तिथला बँड सुंदर आवळलेला दिसेल पण त्यातून ब्रेकआऊटची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण भाव का हलत नाही याचं कारण चार्टच्या बाहेर आहे. कंपनीच्या एक्सचेंजवरच्या घोषणा दोन मिनिटं वाचल्या की हे कळतं.

तिसरी, सगळ्यात महाग चूक, तिला बॉलिंजरने हेड फेक म्हटलंय, खेळाडू डोकं एकीकडे वळवून दुसरीकडे पळतो तसं. आपल्याच शेअरवर बघू. २१ व्या दिवशी ५२० ला बंद, वरच्या बँडच्या सात रुपये वर. ग्रुपवर स्क्रीनशॉट, सगळे खूश. २२ व्या दिवशी ५०३. २३ व्या दिवशी ४८४. मांडून बघितलं तर २३ व्या दिवशी खालचा बँड ४८६.९० ला येतो, म्हणजे तीन दिवसांत शेअर वरच्या बँडच्या बाहेर जाऊन आला आणि खालच्या बँडच्याही बाहेर पडला, आणि खरी चाल ही दुसरी होती. मी असाच एका मिडकॅप शेअरमध्ये पहिल्या दिवशी शेवटच्या पंधरा मिनिटांत घेतलं होतं, सव्वातीनची वेळ, कँडल मोठी हिरवी, हात थांबला नाही. नंतर मागे जाऊन बघितलं तर त्या दिवशीचा व्हॉल्यूम गेल्या वीस दिवसांच्या सरासरीइतकासुद्धा नव्हता. म्हणजे काठापलीकडच्या ऑर्डरी लागल्या आणि मागे नवीन घेणारा कुणी नव्हताच. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो, एक तर व्हॉल्यूम नेहमीपेक्षा ठळकपणे जास्त हवा, दुसरं म्हणजे बंद भाव दिवसाच्या उच्चांकाजवळ हवा, लांब शेंडी सोडून खाली आलेला नको, आणि तिसरं म्हणजे दुसऱ्या दिवशी शेअर जुन्या पट्ट्याच्या आत परत बंद झाला तर वाद न घालता बाहेर. याने हेड फेक टळत नाही, पण त्यात गेलेला पैसा कमी होतो.

इथेच दिशेचा प्रश्न येतो. स्क्वीझ दिशा सांगत नाही, मघाशी बघितलं तसं बँडचं गणित वर्गावर चालतं आणि वर्गात अधिक-उणे नाहीसं होतं, त्यामुळे त्यात दिशा असूच शकत नाही, कितीही बारकाईने बघा. दिशेसाठी दुसरीकडे बघावं लागतं, त्याआधीचा मोठा कल, पट्ट्याच्या आत चढत्या दिवशी व्हॉल्यूम जास्त आहे का उतरत्या, त्या क्षेत्रातले बाकीचे शेअर काय करतायत. कुणी फक्त बँड बघून "वरच जाणार" म्हणत असेल तर तो आपल्या मनातलं सांगतोय.

अजून एक गैरसमज फार पसरलाय की दोन स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे ९५ टक्के भाव आत राहणार, म्हणून बाहेर गेलं की परत आत येणारच, विका. ९५ हा आकडा घंटेच्या आकाराच्या आलेखाचा आहे आणि शेअरचे भाव त्या आलेखाने चालत नाहीत, त्यात टोकाचे दिवस जास्त येतात, शिवाय २० हे नमुने फार थोडे आणि एकमेकांना चिकटलेले. बॉलिंजर स्वतः ८८-८९ टक्के म्हणतो. आणि स्क्वीझनंतर तर बाहेर जाणं हीच चालीची सुरुवात असते. आपल्या शेअरने ५२० नंतर ५२६ आणि ५३१ ला बंद दिले असं धरा, तर त्या दोन दिवसांचे वरचे बँड येतात ५१८.१६ आणि ५२३.९५. म्हणजे सलग तीन दिवस बंद भाव बँडच्या बाहेर. याला बँडवर चालणं म्हणतात, आणि पहिल्या दिवशी "फार वर गेला" म्हणून विकणारा माणूस नेमका चांगली चाल सोडून बसतो.

केल्टनर चॅनेल हा बॉलिंजरसारखाच दुसरा पट्टा लावणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. जॉन कार्टर या ट्रेडरने लोकप्रिय केलेल्या पद्धतीत बॉलिंजर बँड केल्टनर चॅनेलच्या आत शिरला की स्क्वीझ धरतात. केल्टनरची रुंदी एटीआरवर, दिवसाच्या सरासरी पल्ल्यावर, असते, म्हणजे दिवसभरातला उच्चांक-नीचांक आणि कालच्या बंद भावापासूनचा गॅप त्यात धरतात, तर बॉलिंजरला फक्त बंद भाव दिसतो. एखादा शेअर दिवसा २० रुपये वर-खाली नाचून संध्याकाळी परत ५०० ला बंद होत असेल तर बॉलिंजर म्हणणार शांत आहे आणि एटीआर म्हणणार अजिबात नाही. त्यामुळे या पद्धतीतला स्क्वीझ थोडी वेगळी गोष्ट सांगतो, दिवस छोटे झालेत असं नव्हे, दिवस नेहमीइतकेच आहेत पण बंद भाव फिरून फिरून त्याच जागी येतायत. दोन्ही उपयोगाचे, पण एकाचा अर्थ दुसऱ्याला लावू नका, आणि स्टॉपलॉस ठेवताना एटीआरकडे बघा, कारण तुमचा स्टॉप दिवसाच्या मधेच लागतो, बंद भावाला नाही.

स्टॉपलॉसचा विषय निघालाच आहे तर स्क्वीझचा सगळ्यात व्यावहारिक फायदा तिथे आहे. चुकलो हे कुठे कळणार ते अंतर छोटं असतं. ५२० ला घेतला, मधली रेघ ५०१, तिच्या खाली गेला तर आपण चुकलो असं धरलं तर शेअरमागे १९ रुपये धोका. एका व्यवहारात २००० रुपयांच्या वर गमवायचं नाही असं ठरवलं असेल तर १०५ शेअर. दुसरा शेअर, ज्याचा बँड ४७० ते ५३० होता, तो वर ५३५ ला फुटला आणि स्टॉप त्याच्या मधल्या रेघेखाली, ५०० च्या जरा खाली ठेवला तर धोका ३५ च्या वर, शेअर साधारण ५५. पण हे गणित गॅपला लागू नाही. निकालाच्या आदल्या संध्याकाळी घेतलेला शेअर सकाळी सव्वानऊला ४७० ला उघडला तर ५०१ चा स्टॉप ४७० लाच लागणार आणि २००० चे पाच हजार होणार. म्हणून निकाल दोन-तीन दिवसांवर असतील तर स्क्वीझ कितीही छान दिसो, मी निकाल होऊन जाऊ देतो, चालीचा पहिला दिवस सुटला तरी चालेल.

आणि बाहेर कधी पडायचं? बरेच जण सांगतात की चाल वरची असेल तर खालचा बँड खाली जायचा थांबून वर वळला की चाल दमली समजा. ही खूण चांगली आहे पण तिच्यातही थोडं गणित लपलंय. समजा शेअर ५०० वरून उडी मारून ५२० ला गेला आणि तिथेच बसून राहिला, पुढे काहीच केलं नाही, तरी खालचा बँड पहिले पाच-सहा दिवस खाली जातो आणि मग आपोआप वर वळतो, कारण तोपर्यंत खिडकीतले चौथ्या भागाहून जास्त दिवस नवीन भावाचे झालेले असतात आणि सरासरी वर खेचली जायला लागते. म्हणजे सहाव्या-सातव्या दिवसाच्या आसपास खालचा बँड वर वळला तर त्याचा अर्थ एवढाच की पहिल्या उडीनंतर शेअरने फार नवीन काही केलं नाही. आणि आठ-दहा दिवस झाले तरी खालचा बँड खालीच चाललाय, तर किंमत खरोखर रोज नवीन जागी जातेय, घाईने विकायचं कारण नाही. मी ब्रेकआऊटच्या दिवशी वहीत तारीख लिहून ठेवतो आणि तिथून दिवस मोजतो, रोज संध्याकाळी खालच्या बँडचा फक्त एक आकडा लिहायचा, कालपेक्षा कमी का जास्त.